गाव घटक की जिल्हा? भाषावार राज्यांचा अपुरा राहिलेला हिशेब

माझ्या एका मावशीचं सासर सीमेपलीकडच्या तालुक्यात आहे. घरात, शेतात, देवळात, बाजारात सगळा व्यवहार मराठी. काका वारले तेव्हा जमीन वारसांच्या नावावर चढायची होती. काही महिन्यांनी सरकारी कागद आला, पूर्ण कानडीत. मावशीला कानडी बोललेलं समजतं, वाचता येत नाही. तिने तो कागद देवघराच्या फळीवर जपून ठेवला. पुढे शेजारचा कानडी शाळेत जाणारा मुलगा सहज घरी आला आणि त्याने तो वाचून दाखवला, तेव्हा कळलं की नोंदीत एका दूरच्या भाऊबंदाचं नावही घातलं आहे आणि हरकत घ्यायची मुदत आठ दिवसांपूर्वीच संपली आहे. त्यानंतरची चार वर्षं अपिलात गेली. कुणी लबाडी केली असं मी म्हणणार नाही. कागद नियमाप्रमाणे निघाला होता, नियमाप्रमाणे पोचला होता. फक्त ज्या बाईसाठी तो काढला होता, तिला तो वाचता येत नव्हता.

भाषावार प्रांतरचनेची मागणी या एका कागदातून समजून घ्यावी असं मला वाटतं. काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनात आपल्या प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे बांधायचं ठरवलं, त्यामागे भावना होतीच. पण व्यवहाराचा विचारही तितकाच होता. चळवळ गावापर्यंत न्यायची तर ती गावाच्या भाषेत चालली पाहिजे, मुंबई इलाख्यासारख्या चार भाषांच्या कडबोळ्यातून ते होणार नाही, हे त्यांना दिसत होतं. उद्या स्वराज्य आलं तर कचेरी, शाळा, कोर्ट लोकांना कळणाऱ्या भाषेत चालावं, हा त्याचाच पुढचा भाग. म्हणजे भाषिक राज्य हे कारभारासाठी मागितलं गेलं. अस्मिता त्या मागणीच्या पाठीशी उभी राहिली, तिने मागणीला बळ दिलं, माणसं रस्त्यावर आणली. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले ते काही पदनामांच्या भाषांतरासाठी नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही राज्य मिळाल्यावर त्याचं माप कारभारानेच घ्यावं लागतं, आणि तसं माप घेतलं की आपला हिशेब किती अपुरा राहिला ते कळतं.

डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्ये या प्रश्नावर लिहिताना एक भेद दाखवला होता. एका राज्यात एक भाषा असावी ही एक गोष्ट, आणि एका भाषेचं एकच राज्य असावं ही अगदी वेगळी गोष्ट. पहिली कारभारासाठी आवश्यक आहे. दुसरीला तसा काही आधार नाही. म्हणूनच त्यांनी मराठी भाषकांची चार राज्यं सुचवली होती, त्यात मुंबई शहराचं वेगळं राज्यही होतं. त्यांची ती योजना मला पटत नाही, पण भेद पटतो. २०१४ मध्ये तेलंगण वेगळं झालं तेव्हा दोन्ही बाजूंची भाषा तेलुगूच होती आणि भांडण पाणी, नोकऱ्या आणि निधीचं होतं. विदर्भाची मागणीही त्याच वाटेवरची. त्या प्रश्नात मी इथे शिरत नाही. मला बोलायचं आहे ते पहिल्या तत्त्वाबद्दल. एका राज्यात एक भाषा असं ठरवलं, की रेघ ओढावी लागते. ती कशी ओढली, आणि ओढल्यावर रेघेच्या चुकीच्या बाजूला राहिलेल्यांचं काय झालं?

रेघ ओढताना सगळ्यात आधी एक प्रश्न येतो, आणि तो सहसा भाषणांत येत नाही. मोजायचं काय? जिल्हा, तालुका की गाव? हे एकदा ठरलं की निकाल जवळजवळ ठरून जातो, कारण तोच प्रदेश, तीच माणसं, तीच जनगणना, पण घटक बदलला की बहुमत बदलतं.

आपल्या देशात हे तिन्ही घटक वापरून झाले आहेत. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल दिला, त्यात साधारणपणे जिल्हा हा घटक धरला. कारण समजण्यासारखं होतं. जिल्हा म्हणजे कलेक्टर, कोषागार, न्यायालय, रस्त्यांचं जाळं. तो फोडला की कारभाराची घडी विस्कटते. पंजाबची फाळणी करून पंजाबी सुभा आणि हरियाणा करायचं ठरलं तेव्हा, १९६६ मध्ये, न्या. जे. सी. शाह यांच्या आयोगाने तहसील हा घटक घेतला. आणि आंध्र व मद्रास यांच्यातल्या सीमेचा वाद हरिभाऊ पाटसकरांकडे गेला, तेव्हा त्यांनी गाव हा घटक धरला. गावात ज्या भाषेच्या लोकांचं बहुमत, ते गाव त्या भाषेच्या राज्याकडे, मात्र ते त्या राज्याच्या सलग प्रदेशाला लागून असलं पाहिजे. या तत्त्वावर संसदेने १९५९ मध्ये कायदा केला, १ एप्रिल १९६० पासून गावांची अदलाबदल झाली, तिरुत्तणी मद्रासकडे गेलं, आणि तो वाद मिटला. दोन्हीकडे नाराजी राहिली असेल, पण आज त्या सीमेवरून बंद पुकारले जात नाहीत.

बेळगावच्या बाबतीत आपली तक्रार नेमकी याच ठिकाणी आहे आणि ती खरी आहे. पुनर्रचना आयोगाने जिल्हा हा घटक पवित्र मानला असता तर निदान एकच माप सगळ्यांना लावलं असं म्हणता आलं असतं. पण त्याच आयोगाने बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मराठी म्हणून वेगळा काढला, आणि आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. त्याच्या दोन वर्षं आधी आंध्र राज्य होताना बल्लारी जिल्हाही फोडला गेला होता, त्यातले तीन तालुके आंध्रात आणि बाकीचे म्हैसूरकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे, गेले. म्हणजे गरज पडली तेव्हा जिल्हा फुटत होता. मग खानापूर, बेळगाव शहर आणि त्याच्या पश्चिमेची गावं यांच्यासाठी तो अखंड का राहिला? मुंबई सरकारने जून १९५७ मध्ये केंद्राकडे निवेदन दिलं, त्यात हाच मुद्दा होता: गाव हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकांची इच्छा. या मापाने ८१४ गावांवर महाराष्ट्राने हक्क सांगितला, आणि त्याच मापाने सुमारे २६० गावं म्हैसूरला द्यायची तयारीही दाखवली. हा दुसरा आकडा आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. मला तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण आपलं म्हणणं तत्त्वाचं होतं याचा तोच पुरावा आहे.

पुढे सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. वर्षभराच्या आत त्यांनी अहवाल दिला. निपाणी, खानापूर, नंदगड यांच्यासह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, २४७ गावं म्हैसूरला द्यावीत, आणि बेळगाव शहर म्हैसूरमध्येच राहावं. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. कर्नाटक आजही म्हणतं, तो पूर्ण स्वीकारा नाहीतर आहे तेच राहू द्या. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

हे सगळं बेळगावच्या आंदोलनात वाढलेल्या कुणालाही पाठ आहे. आता मला थोडं आतल्या गणिताकडे जायचं आहे. गाव हा घटक न्याय्य आहे हे मी मानतो, पण तो किती न्याय देऊ शकतो हे आपण कधी मोजून पाहिलेलं नाही.

एक तालुका डोळ्यापुढे आणा. आकडे माझे, समजण्यापुरते. साठ गावं, प्रत्येक गावात दोन हजार माणसं. बावीस गावांत मराठी बहुमत, अडतीस गावांत कानडी. बावीसपैकी वीस गावं सीमेला लागून एका पट्ट्यात आहेत, दोन मात्र तालुक्याच्या पोटात, चहूबाजूंनी कानडी गावांनी वेढलेली. सीमाभागाचं चित्र साधारण असंच असतं. आता आधी समजू की गावं भाषेने जवळजवळ एकजिनसी आहेत, म्हणजे प्रत्येक गावात १,९०० एका भाषेचे आणि १०० दुसऱ्या. अख्खा तालुका कर्नाटकात ठेवला तर ४५,६०० मराठी माणसं परभाषिक कारभाराखाली जातात. गाव घटक धरून वीस गावं इकडे घेतली, तर चुकीच्या बाजूला राहणारी माणसं, दोन्हीकडची मिळून, फक्त ९,६०० उरतात. पाटसकर सूत्राची खरी ताकद ही आहे. रेघ थोडी वाकडी झाली, पण छत्तीस हजार माणसांचा प्रश्न सुटला.

आता तोच तालुका, पण गावं मिश्र. मराठी गावांत १,२०० मराठी आणि ८०० कानडी, कानडी गावांत १,४०० कानडी आणि ६०० मराठी. अख्खा तालुका कर्नाटकात ठेवला तर ४९,२०० मराठी लोक तिकडे राहतात. गाव घटक धरून वीस गावं इकडे आणली, तर तिकडे २५,२०० मराठी उरतात, आणि इकडे १६,००० कानडी भाषक नव्याने येतात. दोन्ही मिळून ४१,२००. एवढी चळवळ, आयोग, अदलाबदल करून प्रश्न कमी झाला तो फक्त आठ हजार माणसांचा. आणि उरलेल्यांतले सोळा हजार असे, जे काल स्वतःच्या भाषेच्या राज्यात होते आणि आज नाहीत.

हे दोन तालुके शेजारी ठेवून पाहिले की कळतं, रेघेने किती प्रश्न सुटेल हे रेघ ओढणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर जितकं अवलंबून आहे तितकंच गावाच्या आतल्या मिश्रणावर आहे. गावं एकजिनसी असतील तर गाव घटक जवळजवळ सगळं देतो. मिश्र असतील तर जगातला सगळ्यात न्यायी आयोगही चाळीस हजार माणसं चुकीच्या बाजूला ठेवूनच उठेल. आपला सीमाभाग या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. खानापूरची पश्चिमेकडची गावं पहिल्या टोकाकडे झुकतात. बाजारपेठेची गावं आणि शहरं दुसऱ्याकडे.

शहरांपाशी तर गाव घटकाचं तत्त्वच अडखळतं, आणि इथे आपल्याला स्वतःशी थोडं कठोर व्हावं लागेल. बेळगावबद्दल आपण म्हणतो, शहरात मराठी बहुमत होतं म्हणून ते आमचं. मुंबईबद्दल आपण काय म्हणालो होतो? १९५१ च्या जनगणनेत मुंबईत मराठी भाषक निम्म्याहून कमी होते, सुमारे ४४ टक्के. तरी मुंबई महाराष्ट्राची, कारण तिच्या भोवतीचा सगळा मुलूख मराठी आहे, पाणी, वीज, कामगार सगळं तिथून येतं, शहर भोवतालापासून तोडता येत नाही. हा युक्तिवाद बरोबर होता आणि बरोबर आहे. पण कर्नाटक बेळगावबद्दल बोलताना हाच युक्तिवाद उचलतं: शहर जिल्ह्याचं ठाणं आहे, बाजार जिल्ह्याचा आहे, तोडता येणार नाही. याला उत्तर आहे. बेळगाव पश्चिमेकडे मराठी गावांना सलग लागून आहे, ते काही कानडी मुलखातलं बेट नाही, तेव्हा तिथे भोवताल आणि बहुमत या दोन्ही कसोट्या आपल्या बाजूने लावता येतात. हे उत्तर मला पुरेसं वाटतं. पण ते उत्तर द्यावं लागतं, आणि ते देताना मान्य करावं लागतं की समोरच्याचा मुद्दा केवळ हट्टाचा नाही.

आणखी एक अडचण वेळेची आहे. मातृभाषेची नोंद निर्मळ असते ती वाद सुरू होण्याआधी. वाद पेटला की जनगणनेचा तक्ता मतपत्रिका होतो. पंजाबात हे सगळ्यात वाईट स्वरूपात घडलं. १९५१ मध्ये तिथे भाषेवरून इतका कलगीतुरा झाला, की हिंदी, पंजाबी, पहाडी, उर्दू यांचे आकडे वेगळे न देता एकत्र छापावे लागले. १९६१ मध्ये घरी पंजाबी बोलणाऱ्या हजारो हिंदू कुटुंबांनी मातृभाषा हिंदी लिहिली. शाह आयोगाने याच १९६१ च्या आकड्यांवर तहसीलनिहाय रेघ ओढली, आणि अकाली दलाची तक्रार अशी की मुळातल्या खोट्या नोंदीवर सीमा बेतली गेली. चंदिगडचा प्रश्न तेव्हापासून लटकला आहे. म्हणून सीमाप्रश्नात १९५१ ची जनगणना आधार धरावी हा महाराष्ट्राचा आग्रह मला रास्त वाटतो. पण तिच्यावर आता सत्तर वर्षांहून अधिक काळ चढला आहे. त्या यादीतली मुलं आज पणजोबा आहेत, त्यांच्या पतवंडांपैकी कित्येक कानडी माध्यमात शिकली आहेत, शहराभोवती नव्या वसाहती उठल्या आहेत. कोर्टात १९५१ चालेल. रोजच्या कारभाराला आजचा माणूस लागतो.

इथून मी माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. रेघ कशीही ओढली तरी काही हजार, काही लाख माणसं चुकीच्या बाजूला राहणार, हे १९५५-५६ मध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच राज्यांची पुनर्रचना झाली त्याच वर्षी, सातव्या घटनादुरुस्तीने, संविधानात दोन कलमं घातली गेली. ३५० क म्हणतं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्यासाठी पुरेशा सोयी करण्याचा राज्याने प्रयत्न करावा. ३५० ख प्रमाणे राष्ट्रपती भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी नेमतात. त्याच सुमारास केंद्राने राज्यांशी बोलून नियमांची एक चौकट तयार केली. एका वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुलं एखाद्या भाषेची असतील तर त्या भाषेत शिकवण्याची सोय करायची. राज्यात तीस टक्के लोक वेगळ्या भाषेचे असतील तर ते कारभारापुरतं द्विभाषिक धरायचं, आणि हेच तत्त्व जिल्ह्यालाही लावायचं. आणि तालुक्यात किंवा नगरपालिकेत पंधरा-वीस टक्के असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही काढायचे.

हा शेवटचा नियम पुन्हा वाचा. मावशीच्या तालुक्यात मराठी भाषक पंधरा-वीस टक्के नाहीत, त्याच्या कितीतरी पुढे आहेत. तिचा कागद दोन भाषांत यायला सीमाप्रश्न सुटण्याची गरज नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची गरज नव्हती. १९५६ मध्ये मान्य झालेल्या गोष्टीप्रमाणे एक छापील नमुना दोन रकान्यांत काढला असता तरी पुरे होतं. सीमाभागातली मराठी माणसं वर्षानुवर्षं मोर्चे काढून मराठीत परिपत्रकं मागत आहेत. त्या मागणीला तिथे फुटीरपणाचा रंग दिला जातो, आणि इकडे तिला मूळ प्रश्नापुढे दुय्यम समजलं जातं. मला ती दुय्यम वाटत नाही. भाषिक राज्य ज्या कारणासाठी मागितलं होतं, तेच कारण त्या मागणीत जसंच्या तसं आहे.

हे नियम का फसले? कारण ते पाळायला लावणारा कुणी नाही. विशेष अधिकारी तपासणी करतो, राष्ट्रपतींना अहवाल देतो, तो संसदेपुढे ठेवला जातो. राज्याला हुकूम द्यायचा अधिकार त्याला नाही. नियमांची चौकट ही कायदा नव्हे, सरकारांमधली समजूत आहे. कलम ३४७ प्रमाणे राष्ट्रपती एखाद्या भाषेला राज्यात किंवा त्याच्या भागात अधिकृत मान्यता द्यायला सांगू शकतात, पण केंद्रातलं कुठलंही सरकार राज्याच्या इच्छेविरुद्ध त्या वाटेला सहसा जाणार नाही. आणि राज्य कशाला मनावर घेईल? भाषेवर उभ्या राहिलेल्या राज्याला हळूहळू असं वाटू लागतं की आपण त्या भाषेचे मालक आहोत, आणि आपल्या हद्दीतली दुसरी भाषा म्हणजे मालकीवरचा डाग. बेळगावात २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध उभं राहिलं, २०१४ मध्ये नाव बेळगावी झालं, तिथे जवळजवळ दरवर्षी विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. या प्रत्येक गोष्टीतून सांगायचं असतं की जमीन कुणाची. त्या इमारतीत आलेल्या खानापूरच्या शेतकऱ्याला अर्ज कुठल्या भाषेत करता येईल, हा प्रश्न तिथे येतच नाही.

पण हे लिहिताना नजर सीमेच्या या बाजूलाही वळवली पाहिजे, आणि माझ्या मते आपली खरी परीक्षा इथेच आहे. सोलापूर जिल्ह्यातला अक्कलकोट, सांगली जिल्ह्यातला जत. दोन्हीकडे कानडी बोलणाऱ्यांची मोठी वस्ती आहे, महाजन आयोगाने तिथली बरीच गावं कर्नाटकाला द्यायला सांगितली होती. २०२२ च्या अखेरीस कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांचा विषय काढला आणि आपल्याकडे एकदम खळबळ उडाली. त्या गावांनी पूर्वी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते, पण ते कशासाठी? पाण्यासाठी. म्हैसाळ योजनेचं पाणी त्यांच्या शिवारात पोचत नव्हतं आणि पलीकडच्या गावांत पाणी दिसत होतं. वाद पेटल्यावर आपल्या सरकारने विस्तारित म्हैसाळ योजनेची घाई केली. म्हणजे जी गोष्ट शेतकरी म्हणून मागून मिळाली नाही, ती सीमा ओलांडायची धमकी दिल्यावर हलली. अस्मितेचा प्रश्न म्हणून आपण ज्याच्याकडे पाहिलं तो आधी साधा कारभाराचा प्रश्न होता.

जतमध्ये जिल्हा परिषदेच्या कानडी शाळा आहेत, आणि त्या आहेत याचं श्रेय महाराष्ट्राला दिलं पाहिजे. पण त्या शाळांवर कानडी न येणारे शिक्षक नेमल्याच्या तक्रारीही तिथूनच आल्या आहेत. दहा-चाळीसचा नियम कागदावर पाळला, पण वर्गात उभा राहिलेला माणूस मुलांची भाषा जाणत नसेल तर ती शाळा कुठल्या माध्यमाची? बेळगावातल्या मराठी शाळेत असं घडलं असतं तर आपण काय म्हटलं असतं?

मग अकोला जिल्ह्यातलं पातूर घ्या. तिथल्या नगरपरिषदेच्या नव्या इमारतीवर मराठीच्या खाली उर्दूत नाव लिहिलं होतं. ते काढावं म्हणून मागणी झाली, प्रकरण उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने पाटी राहू दिली. राज्याच्या कायद्याने मराठी सक्तीची केली आहे, तिच्या जोडीला दुसरी भाषा वापरायला बंदी केलेली नाही, हा निकालाचा गाभा. न्यायालयाने असंही म्हटलं की भाषा म्हणजे धर्म नव्हे. मला त्या निकालातला कायद्याचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. मराठी वर, ठळक, सक्तीने. खाली दुसरी भाषा, ज्यांना ती वाचता येते त्यांच्यासाठी. मराठीचं यात काय गेलं? आणि हीच मांडणी बेळगाव महापालिकेच्या पाटीसाठी आपण अनेक दशकं मागत आलो आहोत, कानडी वर, मराठी खाली. पातूरला विरोध करून बेळगावला पाटी मागता येत नाही. मागितली तर समोरचा आपलंच वाक्य आपल्याला परत करेल.

मला ठाऊक आहे, यावर रागाने विचारलं जाईल: आम्ही इथे कानडी कागद काढायचे आणि ते तिथे मराठीवर वरवंटा फिरवणार? एकतर्फी उदारपणा का? माझं उत्तर असं की यात उदारपणा नाहीच. अक्कलकोटच्या तहसील कचेरीत फेरफाराची नोटीस मराठीबरोबर कानडीत निघाली तर ती अक्कलकोटच्या बाईसाठी निघते, कर्नाटक सरकारसाठी नाही. ती महाराष्ट्राची नागरिक आहे, कर इथेच भरते, मत इथेच देते. तिला तिच्या नावावरच्या जमिनीचा कागद कळावा हे आपलं तिला देणं आहे, आणि ते देणं बेळगावात काय चाललंय यावर अवलंबून ठेवता येत नाही. शिवाय खटल्याच्या दृष्टीनेही पाहा. आपण १९५७ मध्ये २६० गावं द्यायला तयार होतो म्हणून आपलं तत्त्व खरं ठरलं. आज आपल्या हद्दीतल्या कानडी भाषकाला त्याच नियमाने वागवलं, तर ते तत्त्व अजून जिवंत आहे असं दाखवता येतं.

आणि हे करायला फार काही लागत नाही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत या तालुक्यांत ज्या गावांत कानडी भाषक पंधरा टक्क्यांहून जास्त आहेत, त्यांची यादी महसूल खात्याने जाहीर करावी. वारसनोंद, फेरफार, भूसंपादन, रेशन आणि निवडणूक या पाच प्रकारच्या नोटिसा तिथे दोन भाषांत काढाव्यात, आणि दुसऱ्या भाषेतली प्रत दिल्याशिवाय हरकतीची मुदत सुरू होणार नाही असा नियम करावा. मुदतीची ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. भाषांतर करा असं नुसतं सांगितलं तर ते वर्षानुवर्षं फाइलीत पडून राहतं. भाषांतर नसेल तर नोंदच पक्की होणार नाही असं म्हटलं, की कारकून दुसऱ्या दिवशी दुभाषा शोधतो. कानडी शाळेवरच्या शिक्षकाची नेमणूकही कानडीची चाचणी झाल्याशिवाय होऊ नये. एवढं केल्यावर हाच मसुदा, शब्द न शब्द, फक्त कानडीच्या जागी मराठी घालून, कर्नाटकापुढे आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या विशेष अधिकाऱ्यापुढे ठेवावा.

दाव्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, आणि तो आपल्या बाजूने लागावा असं मला मनापासून वाटतं. मावशी आता ऐंशीच्या घरात आहे. नोंद अखेर दुरुस्त झाली. दुरुस्तीचा हुकूम आला तोही कानडीतच. तो घेऊन ती पुन्हा शेजारच्या मुलाकडे गेली, आणि त्याने वाचून दाखवल्यावर तिने त्याच्याकडून मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत दोन ओळी लिहून घेतल्या: कुठल्या गटाचा कागद आणि नावं कुणाची.